अक्षय्य तृतीयेचं सोनं आणि अडुसष्टचा डॉलर

२०१३ ची अक्षय्य तृतीया १३ मे रोजी होती. त्याच्या महिनाभर आधी जगाच्या बाजारात सोनं धाडकन कोसळलं होतं. १२ एप्रिलचा शुक्रवार आणि १५ एप्रिलचा सोमवार, या दोन दिवसांत औंसाचा भाव साधारण १५६० डॉलरवरून १३५० च्या आसपास आला. माझ्या मामीने हे टीव्हीवर पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन एफडी मोडली. धाकटीचं लग्न अजून दोन वर्षं लांब होतं. मामा म्हणाला, "थांब, अजून उतरेल." मामी म्हणाली, "उतरलं तर पुन्हा घेऊ, त्यात काय!" पेठेतल्या सराफाकडे तिला तासभर उभं राहावं लागलं. दागिने बघायला कोणी आलंच नव्हतं, सगळ्यांना चोख सोन्याची वेढणी हवी होती आणि ती दुपारपर्यंत संपली.

त्या एप्रिलमध्ये भारताने सुमारे १४२ टन सोनं आयात केलं, मे महिन्यात १६२ टन. त्याआधीच्या वर्षाची सरासरी महिन्याला सत्तर टनांची होती. अक्षय्य तृतीयेनंतर साडेतीन महिन्यांनी, २८ ऑगस्टला, एका डॉलरला ६८ रुपये ८५ पैसे मोजावे लागले. मेच्या सुरुवातीला तोच डॉलर ५४ रुपयांना मिळत होता.

मामीच्या वेढण्यांमुळे रुपया पडला का? तसं म्हणणं अन्यायाचं होईल. पण काहीच संबंध नाही असंही नाही.

संबंध समजायला एका किलोच्या बिस्किटामागे जाऊ. भारतात सोन्याच्या खाणी नावापुरत्या उरल्या आहेत, त्यामुळे सराफाकडचं नवं सोनं जवळपास सगळं बाहेरून येतं. पेठेतला सराफ ते थेट मागवत नाही. तो मोठ्या घाऊक व्यापाऱ्याकडून घेतो, व्यापारी बँकेकडून, आणि बँक परदेशातल्या पुरवठादाराकडून. आयातीची परवानगी असलेल्या बँका आणि संस्था ठरलेल्या आहेत. एक किलो म्हणजे ३२.१५ औंस. औंसाला १४०० डॉलर धरले तर एका बिस्किटाचे झाले ४५ हजार डॉलर.

मामीने सराफाला रुपये दिले, सराफाने व्यापाऱ्याला रुपये दिले, व्यापाऱ्याने बँकेला रुपये दिले. पण परदेशातला पुरवठादार रुपये घेत नाही. म्हणून बँक चलनबाजारात जाते आणि म्हणते, मला ४५ हजार डॉलर पाहिजेत, हे घ्या रुपये. या एका वाक्यात सगळी गोम आहे. दुकानात ज्या क्षणी सोन्याची खरेदी होते, त्याच्या मागेपुढे कुठेतरी रुपया विकला जातो आणि डॉलर विकत घेतला जातो.

चलनबाजार तसा भाजीबाजारासारखाच चालतो. एका बाजूला डॉलर विकायला आलेले लोक असतात. पुण्या-बंगळुरूच्या सॉफ्टवेअर कंपन्या, सुरतेचे हिरेवाले, आखातातून घरी पैसे पाठवणाऱ्यांच्या वतीने बँका, आपल्या शेअर बाजारात गुंतवणूक करायला आलेल्या परदेशी संस्था. दुसऱ्या बाजूला डॉलर घ्यायला आलेले असतात, २०१३ मध्ये त्यात सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक होतं तेल कंपन्यांचं आणि त्यांच्या खालोखाल सोनंवाले. घेणारे जास्त झाले की डॉलर महागतो. डॉलर महागणं आणि रुपया घसरणं ही एकच गोष्ट आहे, फक्त कुठल्या बाजूला उभं राहून बघतो एवढाच फरक. मे २०१३ मध्ये १६२ टन सोन्यासाठी या बाजारात सात अब्ज डॉलरच्या वरची मागणी आली.

आता वर्षाचा हिशोब मांडू. २०१२-१३ मध्ये आपण जेवढा माल बाहेर विकला, त्यापेक्षा सुमारे १९० अब्ज डॉलरचा जास्त माल बाहेरून घेतला. ही व्यापारी तूट. ऐकायला भयानक वाटते, पण देश फक्त मालावर जगत नाही. सॉफ्टवेअरची कमाई आणि परदेशातल्या आपल्या माणसांनी घरी पाठवलेला पैसा यांनी त्यातली निम्म्याहून अधिक तूट भरून निघाली. तरी उरले सुमारे ८८ अब्ज डॉलर. याला चालू खात्यावरची तूट म्हणतात आणि खरी धडकी भरवते ती हीच. तेव्हा ती देशाच्या एकूण उत्पन्नाच्या ४.८ टक्के झाली होती, तोवरचा उच्चांक.

पगारापेक्षा खर्च जास्त असलेल्या घरात महिनाअखेरीला जे होतं तेच इथे होतं. उरलेली रक्कम कोणाकडून तरी आणावी लागते. देशाच्या बाबतीत हे "कोणीतरी" म्हणजे परदेशी गुंतवणूकदार, परदेशातून घेतलेली कर्जं आणि अनिवासी भारतीयांच्या ठेवी. ते येत राहिले तर तूट कोणाच्या लक्षातही येत नाही. त्यांनी हात आखडता घेतला की मात्र देशाचा कुठला खर्च टाळता आला असता याची मोजणी सुरू होते.

मोजणी केल्यावर सोन्याचा आकडा निघाला सुमारे ५४ अब्ज डॉलर. तूट ८८, त्यात सोनं ५४. त्यावेळी दिल्लीत आणि मुंबईत ज्यांच्या टेबलावर हे दोन आकडे शेजारी शेजारी आले, त्यांना पुढचं पाऊल सुचायला फार वेळ लागला नसणार.

या वजाबाकीत थोडी लबाडी आहे हे सांगायला हवं. आयात झालेल्या सोन्यातला काही भाग दागिने होऊन परत बाहेर जातो आणि डॉलर आणतो. शिवाय लोकांनी सोनं घेतलं नसतं तर ते पैसे त्यांनी कुठेतरी घातलेच असते, आणि त्यातले काही मोबाइल किंवा टीव्ही होऊन पुन्हा आयातीतच आले असते. तरीही ढोबळ मानाने गोष्ट खरी होती. तेलाची आयात सोन्याच्या तिप्पट होती, पण तेल थांबवलं तर ट्रक थांबतात, पंप थांबतात, भाजी महागते. सोनं थांबवलं तर लग्नघरात धुसफुस होते, कारखाना बंद पडत नाही.

आणि इथेच सोन्याचा स्वभाव इतर आयातीपेक्षा वेगळा ठरतो. मामीला विचारलंत तर ती म्हणेल, मी एक रुपयाही खर्च केला नाही, बचत केली. तिचं बरोबर आहे. वेढणी कपाटात आहेत, उद्या मोडली तर पैसे मिळतील. पण देशाच्या वहीत बचतीचा रकाना वेगळा आणि आयातीचा वेगळा, आणि मामीचं सोनं जाऊन बसतं आयातीच्या रकान्यात, डाळ-तेलाच्या शेजारी. तिने एफडी ठेवली असती तर तो पैसा देशातच कोणाच्या तरी कर्जात फिरला असता. सोनं घेतलं तेव्हा तेवढ्या किमतीचे डॉलर देशाबाहेर गेले आणि बदल्यात आलेली वस्तू लॉकरमध्ये जाऊन झोपली. घराची बचत ती देशाची उधारी, असा हा उलटा मामला आहे.

मग मामीने एफडी का मोडली? कारण एफडीवर मिळत होते साडेआठ-नऊ टक्के आणि महागाई होती दहाच्या घरात. बँकेतला पैसा दरवर्षी थोडा थोडा झिजत होता. अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी तेव्हा जाहीरपणे विनवलं होतं की सोन्याचा मोह आवरा. लोकांनी आवरला नाही. मला तरी यात लोकांचा दोष दिसत नाही. महागाई आटोक्यात न ठेवणाऱ्या सरकारने बचत कशी करावी हे सांगायला जाणं म्हणजे छप्पर गळत असताना पाहुण्याला "इकडे बसू नका" म्हणण्यासारखं आहे.

२२ मे रोजी अमेरिकेतून ठिणगी आली. तिथल्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख बेन बर्नान्के यांनी संसदेपुढे सांगितलं की आम्ही दर महिन्याला रोखे विकत घेऊन बाजारात जो पैसा ओततो आहोत, तो पुढच्या काही बैठकांत कमी करू शकतो. एवढंच. पण स्वस्त अमेरिकी पैसा घेऊन जे भारत, ब्राझील, इंडोनेशिया, तुर्कस्तान, दक्षिण आफ्रिका अशा देशांत आले होते, ते परत निघाले. हे पाचही देश मोठ्या तुटीचे होते, आणि पाचांचीही चलनं सपाटून पडली. म्हणून मी म्हणतो की रुपया सोन्याने पाडला नाही. सोन्याने घराचं दार उघडं ठेवलं, वारा बाहेरूनच आला.

एकदा घसरण सुरू झाली की ती स्वतःच्या पायांनी चालायला लागते. निर्यातदाराला अमेरिकेतून पैसे येणार असतील तर तो म्हणतो, जरा थांबतो, पुढच्या आठवड्यात डॉलर आणखी वर जाईल. आयातदार म्हणतो, मला महिन्याने लागणारे डॉलर आजच घेऊन ठेवतो. विकणारे बाजारातून गायब, घेणारे दुप्पट. २८ ऑगस्टला रुपयाने तळ गाठला, त्या रात्री रिझर्व्ह बँकेने तेल कंपन्यांना बाजारात न पाठवता आपल्याच गंगाजळीतून डॉलर देण्याची वेगळी खिडकी उघडली. घेणाऱ्यांतलं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक रांगेतून बाजूला काढलं, तसा रुपया सावरायला लागला.

सोनंवाल्यांना अशी खिडकी कोणी उघडून देणार नव्हतं. त्यांच्यासाठी होतं आयात शुल्क.

जानेवारी २०१२ पर्यंत सोन्यावर दहा ग्रॅमला ३०० रुपये असं ठोक शुल्क होतं. भाव चढत गेले तसं ते नगण्य झालं, जेमतेम एक टक्का. १७ जानेवारी २०१२ ला सरकारने ते किमतीच्या टक्केवारीत आणलं आणि २ टक्के केलं. मार्चच्या अर्थसंकल्पात ४ झालं. जानेवारी २०१३ मध्ये ६, ५ जूनला ८, १३ ऑगस्टला १०. दीड वर्षात पाचपट. तरीही मधल्या मे महिन्यातच आयातीचा उच्चांक झाला.

कारण शुल्काचा परिणाम किमतीवर होतो, आणि सोन्याच्या गिऱ्हाइकाचं किमतीशी नातं जरा विचित्र असतं. कांदा महागला तर माणूस कमी घेतो. सोनं महागलं तर त्याला वाटतं, अजून महागणार, आत्ताच घ्यावं. वर शुल्क वाढण्याची कुणकुण लागली की व्यापारी आधीच माल भरून ठेवतात. कुठल्याही अर्थसंकल्पाच्या आधीच्या आठवड्यांत आयात अचानक फुगलेली दिसली तर हे कारण असण्याची शक्यता मोठी.

दहा ग्रॅमचा हिशोब कसा निघतो ते पाहा, म्हणजे पुढची गंमत कळेल. औंसाच्या डॉलरमधल्या भावाला ३१.१ ने भागलं की एका ग्रॅमचे डॉलर मिळतात. त्याला दहाने गुणा, मग त्या दिवसाच्या रुपयाच्या दराने, आणि वर शुल्क लावा. एप्रिलच्या पडझडीआधी औंस १५६०, डॉलर साडेचोपन्न, शुल्क ६ टक्के. उत्तर येतं सुमारे २९ हजार. ऑगस्टअखेरीस औंस १४००, म्हणजे जगात सोनं दहा टक्के स्वस्त. पण डॉलर ६८ आणि शुल्क १०. उत्तर येतं ३३ हजार ६०० च्या पुढे. जगात उतरलेलं सोनं भारतात चढलं होतं, आणि त्या चढण्यातला मोठा वाटा शुल्काचा नव्हता, पडलेल्या रुपयाचा होता. मामीला मात्र तिची वेढणी चार महिन्यांत इतकी वाढल्याचं कोण कौतुक! "सांगत होते ना," असं ती त्या वर्षी गणपतीत सगळ्यांना ऐकवत होती. तिच्या दृष्टीने रुपया पडला हाच सोनं घेण्याचा सगळ्यांत पक्का पुरावा होता. सरकारची अडचण नेमकी इथे होती.

म्हणून शुल्काच्या जोडीला दुसरे पेच कसले गेले. त्या अक्षय्य तृतीयेलाच, १३ मे रोजी, रिझर्व्ह बँकेने बँकांचं उसनवारीवर सोनं आणणं आवळलं. तोवर पुरवठादार सोनं पाठवून द्यायचा, ते इथे पडून राहायचं आणि विकलं जाईल तेव्हा पैसे द्यायचे. बँकेचा पैसा अडकत नसल्याने साठा भरपूर असायचा. आता ही सोय फक्त दागिने निर्यात करणाऱ्यांसाठी उरली. २२ जुलैला आला तो ८०:२० चा नियम. जेवढं सोनं आणाल त्यातलं २० टक्के निर्यातदारांना द्या, त्याचे दागिने बाहेर गेल्याचा कागद दाखवा, मगच पुढची खेप.

हा पेच मात्र बसला. मे महिन्यात सोन्या-चांदीची आयात ८.४ अब्ज डॉलर होती, सप्टेंबरमध्ये ती ०.८ अब्जावर आली. व्यापारी तूट मेमध्ये २० अब्ज डॉलर होती ती सप्टेंबरमध्ये सातच्या खाली. वर्षअखेरीस चालू खात्यावरची तूट ८८ वरून ३२ अब्जांवर उतरली, त्यात सोन्याचा वाटा निम्म्याच्या जवळ. आधीच्या वर्षी ५४ अब्जांचं सोनं आलं होतं, या वर्षी २९ अब्जांच्या आत. रुपया सावरला तो केवळ याने नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला रघुराम राजन रिझर्व्ह बँकेत गव्हर्नर म्हणून आले, त्यांनी अनिवासी भारतीयांच्या डॉलर ठेवी आणि बँकांची परदेशी उसनवारी यांच्यासाठी सवलतीची योजना आणली आणि नोव्हेंबरपर्यंत ३४ अब्ज डॉलर गोळा झाले. पण बाजाराला "तूट आटोक्यात आहे" असं दाखवायला सोन्याचे आकडे कामी आले हे नक्की.

कागदावर, असा एक शब्द इथे जोडायला हवा.

सोनं यायचं थांबलं, पण लग्नं थांबली नाहीत. त्या दिवाळीपर्यंत मुंबईच्या झवेरी बाजारात सोन्यावर वरकड पैसे मोजावे लागत होते. जगाचा भाव, अधिक शुल्क, अधिक टंचाईचा प्रीमियम, आणि हा प्रीमियम औंसाला शंभर डॉलरच्याही वर गेला. किलोच्या बिस्किटावर शुल्काचेच तीन लाख रुपये, प्रीमियमचे आणखी दोन. म्हणजे दुबईहून एक बिस्कीट गुपचूप आणलं तर पाच लाख सुटत होते. एक किलो सोनं मोबाइलपेक्षाही लहान असतं. पुढचं सांगायला नको. बुटाच्या टाचेत, पट्ट्यात, ट्रॉली बॅगेच्या दांड्यात, पेस्ट करून पोटावर बांधून, विमानाच्या शौचालयात ठेवून, सगळ्या तऱ्हा सुरू झाल्या. जागतिक सुवर्ण परिषदेचा अंदाज होता की वर्षाला दीडशे ते दोनशे टन सोनं असं चोरवाटेने येतं आहे.

चोरट्या सोन्याने सरकारचं शुल्क बुडतं एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. खरा घोळ त्याच्या पुढे आहे. दुबईतल्या सोनेविक्यालाही डॉलर किंवा दिरहमच लागतात. ते येतात हवालावाल्याकडून. हवालावाला ते मिळवतो आखातात राबणाऱ्या आपल्याच माणसांकडून. एरवी त्या माणसाने बँकेतून घरी पैसे पाठवले असते, ते डॉलर चलनबाजारात विकायला आले असते, रुपयाला आधार मिळाला असता. हवालात तो डॉलर तिथेच दुबईत राहतो, त्याचं सोनं होतं, आणि त्याच्या घरच्यांना इथे कोणीतरी रोख रुपये आणून देतं. देशाच्या वहीत सोन्याची आयात कमी दिसते, पण त्याच वेळी घरी आलेला पैसाही कमी दिसतो. तूट तेवढीच राहते, फक्त तिचं नाव बदलतं. शुल्क अमुक टक्क्यांच्या वर गेलं की वाचणारे डॉलर आणि या वाटेने निसटणारे डॉलर यांची बरोबरी व्हायला लागते. ती रेषा नेमकी कुठे आहे यावर अर्थखात्यात आणि सराफांच्या संघटनांत कायम झकाझकी चालते.

सरकारला हे माहीत नसतं असं नाही. आपल्याकडे याहून कडक औषधही देऊन झालं आहे. १९६२ चं चीन युद्ध झालं तेव्हा परकी चलनाची तंगी होती. अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी जानेवारी १९६३ मध्ये १४ कॅरटपेक्षा शुद्ध दागिने घडवायला बंदी घातली. पुढे १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा आला, सराफांना परवाने, वह्या, तपासण्या. हजारो सोनारांचे हात रिकामे झाले आणि मुंबईच्या किनाऱ्यावर तस्करांच्या टोळ्या गब्बर झाल्या. १९९० मध्ये तो कायदाच रद्द केला. पुढच्याच वर्षी, जुलै १९९१ मध्ये, सुमारे ४७ टन सोनं रिझर्व्ह बँकेला विमानाने लंडनला पाठवून गहाण टाकावं लागलं. त्या आठवणी असलेले अधिकारी २०१३ मध्ये बंदीचा शब्द तोंडात आणत नव्हते. शुल्क हे त्यातल्या त्यात सोसवणारं हत्यार: संसदेत नवा कायदा लागत नाही, एका अधिसूचनेने रातोरात लागू होतं, तिजोरीत भर पडते आणि परिस्थिती निवळली की उतरवता येतं.

फक्त ते हत्यार एका बाजूने लावलं की दुसरी बाजू उघडी पडते. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि दक्षिण कोरियाशी असलेल्या मुक्त व्यापार करारामुळे तिथल्या सोन्याच्या नाण्यांवर आयात शुल्कच उरलं नाही. कोरिया हा काही सोनं पिकवणारा देश नव्हे. पण महिन्या-दोन महिन्यांत तिथून नाण्यांच्या पेट्यांवर पेट्या यायला लागल्या, आणि ऑगस्ट संपायच्या आत सरकारला तिथल्या आयातीवर परवान्याची अट घालावी लागली.

२०१३ चीच गोष्ट पुढे लहान आवाजात परत परत घडली. ८०:२० नोव्हेंबर २०१४ मध्ये उठवलं. जुलै २०२२ मध्ये रुपया ७९ ला टेकला, आधीच्या मे महिन्यात शंभर टनांवर सोनं आलं होतं, तेव्हा शुल्क १०.७५ वरून १५ टक्के झालं. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ते एकदम ६ वर आणलं, तस्करीचा फायदाच काढून घ्यावा हा त्यामागचा एक हेतू. आठवड्याभरात तोळ्यामागे हजारोंनी भाव उतरला, लोक पेठेत धावले, आणि तेव्हा जाहीर झालेल्या आकड्यानुसार त्या ऑगस्टमध्ये १० अब्ज डॉलरचं सोनं आलं, आधीच्या ऑगस्टच्या दुप्पट. आता त्यातलं किती खरोखर जास्त आलं आणि किती चोरवाटेचं सोनं सरळ वाटेला लागल्याने आकड्यात दिसायला लागलं, हे एका महिन्याच्या आकड्यावरून सांगता येत नाही.

आकडा वाचताना म्हणूनच दोन गोष्टी बघाव्यात. पहिली, तो डॉलरमध्ये आहे की टनांत. भाव दुप्पट झाला तर तेवढ्याच सोन्याला दुप्पट डॉलर लागतात, लोकांची हाव वाढली असा त्याचा अर्थ होत नाही. रुपयाला मात्र कारण भाव की हाव याने फरक पडत नाही, त्याला डॉलरच मोजावे लागतात. आणि आकडाही कधीकधी चुकतो. डिसेंबर २०२४ च्या मध्याला सरकारने नोव्हेंबरची सोन्याची आयात १४.८ अब्ज डॉलर सांगितली, व्यापारी तूट विक्रमी निघाली, रुपया घसरला. पुढच्या महिन्यात कळलं की काही माल दोनदा मोजला गेला होता. खरा आकडा ९.८ अब्जांचा.

दुसरी गोष्ट आकड्यांच्या तक्त्यात नसते, ती झवेरी बाजारात विचारावी लागते: सोनं आज प्रीमियमवर आहे की डिस्काउंटवर? जगाचा भाव, रुपयाचा दर, शुल्क, सगळं धरून जो भाव यायला हवा, त्यापेक्षा बाजारात सोनं स्वस्त मिळत असेल तर एक शक्यता अशी की गिऱ्हाईक नाही. पण ऐन लग्नसराईत, पेठ फुललेली असताना डिस्काउंट दिसत असेल, तर बहुधा कोणीतरी शुल्क न भरलेलं सोनं विकतो आहे.

मामीची वेढणी अजून आहेत. लग्नात त्यातलं एकच मोडलं. बाकीच्यांसाठी तिने आमच्या ओळखीच्या एका विट्याकडच्या गलाईवाल्याला विचारलं होतं, आटवून बांगड्या करून देतो का म्हणून. खानापूर-आटपाडी भागातले हे गलाई कारागीर देशभर पसरलेले आहेत, जुनं सोनं वितळवून शुद्ध करणं हा त्यांचा धंदा. तो म्हणाला, "काकू, भाव चढला की आमच्या भट्टीला मोडीचा पूर येतो. लोक जुनं घालून नवं नेतात." मोडीचं सोनं पुन्हा बाजारात आलं की तेवढं बाहेरून मागवावं लागत नाही, म्हणजे त्याच्या भट्टीतून निघणाऱ्या प्रत्येक लगडीमागे चलनबाजारात एक गिऱ्हाईक कमी उभं राहतं. मामीने हे ऐकून घेतलं आणि वेढणी परत कपाटात ठेवली.